दुसऱ्या स्लॅबचे पैसे

उईके कुटुंबात माणसं तीन आणि चुलीही तीन. यात भांडणतंटा काही नाही, पोटापाण्याचे उद्योगच तसे. झामसिंग उईके नागझिऱ्याच्या जंगलात वनरक्षक, त्याची चूल सरकारी क्वार्टरात. बायको दुर्पता दरेकशाला अंगणवाडी सेविका, तिची चूल सासरच्या घरी, जाऊबाईच्या चुलीला लागून. मुलगी चंचल गोंदियात नर्सिंग शिकते. तिची चूल म्हणजे वसतिगृहाची मेस, आणि त्या मेसच्या वरणाबद्दल न बोललेलंच बरं.

लग्नाला बावीस वर्षं झाली होती. झामसिंगची बदली कधी सडक अर्जुनीला, कधी देवरीला, कधी तिरोड्याकडे. दुर्पताची नोकरी मात्र गावाला बांधलेली. अंगणवाडी सेविकेने त्याच गावात राहायचं असतं, नवऱ्यामागे ट्रंक घेऊन फिरायची सोय नसते. त्यामुळे नवरा-बायकोचा संसार सणावारी आणि सुट्टीच्या अर्जावर चालला. पोळ्याला भेट, दिवाळीला भेट, कचारगडच्या जत्रेला भेट. मधल्या काळात फोन, तोही रेंज असली तर.

शेवटी झामसिंगने डोकं चालवलं. नागझिरा एका बाजूला, दरेकसा दुसऱ्या बाजूला, गोंदिया मधोमध. शनिवारी आपण मोटारसायकलवर यावं, दुर्पताने रेल्वेने यावं, पोरगी तिथंच. आठवड्यातून निदान दीड दिवस तिघं एका ताटाशी बसतील. मग रिंग रोडच्या पलीकडे उठत असलेल्या एका चार मजली इमारतीत त्याने दोन खोल्यांचा फ्लॅट धरला.

फ्लॅट घेतला दुर्पताच्या एकटीच्या नावावर. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते, हे त्याला रेंजरच्या ड्रायव्हरने सांगितलं होतं. कर्ज दोघांच्या नावावर, कारण पगाराची मोठी पावती त्याची आणि घराची मालकीण ती. नोंदणीच्या दिवशी सही करून बाहेर येताना तो तिला म्हणाला, "आता मी भाडेकरी झालो." ती म्हणाली, "भाडा वेळेवर देजा." बाई बोलते कमी, पण बोलली की पुढच्याला उत्तर सुचत नाही.

बांधकाम चालू असलेल्या घराचं कर्ज बँक एकदम हातावर ठेवत नाही. जितकं घर उभं, तितका पैसा. जोतं झालं की एक टप्पा, पहिला स्लॅब पडला की दुसरा, असं करत किल्ली हातात येईपर्यंत. बिल्डरने काम झाल्याचं मागणीपत्र द्यायचं, सोबत आर्किटेक्टचा दाखला जोडायचा. घर घेणाऱ्याने ते बँकेत नेऊन पैसे सोडण्याचा अर्ज द्यायचा. बँकेचा इंजिनीअर जागेवर जाऊन बघून येणार, आणि मग बँक थेट बिल्डरच्या खात्यात पैसे टाकणार. पैसे घर घेणाऱ्याच्या हाताला लागतच नाहीत. तोवर त्याने फक्त सुटलेल्या पैशांचं व्याज भरायचं. जोत्याचे आणि पहिल्या स्लॅबचे पैसे असेच बिनबोभाट गेले होते. घोडं अडलं ते दुसऱ्या स्लॅबला.

स्लॅब भरला त्या दिवशी बिल्डरने मिस्त्री-मजुरांना मटण घातलं होतं, आणि झामसिंगलाही बोलावलं होतं. हा बिल्डर म्हणजे भैय्यालाल. जात व्यापाऱ्याची, भाषा हिंदी, आवाज गिरणीवर वाढलेला. बापाची राइस मिल होती, याने बांधकाम धरलं. मागणीपत्र त्याने पाठोपाठ दिलं, झामसिंगने रजा टाकून ते बँकेत नेऊन दिलं, अर्ज भरला, पोच घेतली आणि निर्धास्त मनाने जंगलात परतला.

पुढच्या महिन्यात भैय्यालालचा फोन आला. झामसिंग पाणवठ्यावर कॅमेऱ्याची बॅटरी बदलत होता. रेंज मिळावी म्हणून तो तसाच टेकाडावर चढला.

"उईकेजी, पैसा नहीं आया."

"देऊन टाकला ना जी मी अर्ज."

"अर्ज से सरिया-सीमेंट नहीं आता भाई. बैंक को पूछो."

झामसिंगने बँकेला फोन केला. बँकेत दामिनी रहांगडाले नावाची तरुण अधिकारी गृहकर्जाचं टेबल सांभाळत असे. तिने फाइल बघून सांगितलं, "काका, आमच्या शाखेकडून सगळं झालं आहे. नागपूरला पाठवलं. प्रोसेसमध्ये आहे."

प्रोसेसमध्ये आहे, या दोन शब्दांनी झामसिंगचं समाधान झालं. सरकारी नोकरीत निम्मं आयुष्य गेलेल्या माणसाला हे शब्द ओळखीचे वाटतात. त्याचं स्वतःचं प्रवासभत्त्याचं बिल असंच वर्षानुवर्षं प्रोसेसमध्ये असे. त्याने भैय्यालालला तसंच कळवलं. भैय्यालाल म्हणाला, "ठीक है."

आणखी काही आठवडे गेले. मग ठीक राहिलं नाही. दरेकशाला दुर्पताच्या नावे रजिस्टर पोस्टाने नोटीस आली. करारात ठरलेल्या टप्प्याचे पैसे मुदतीत मिळालेले नाहीत, आठवण देऊनही मिळालेले नाहीत, पंधरा दिवसांत थकबाकी व्याजासह न आल्यास करार रद्द करण्यात येईल. दुर्पताने फोनवर ती शब्दन् शब्द वाचून दाखवली. वाचताना आवाज नेहमीसारखाच होता. शेवटी म्हणाली, "आपलं घर गेलं का जी?"

झामसिंग काहीबाही बोलला, पण त्याला रात्रभर झोप लागली नाही. भीती रद्द होण्याची होतीच, पण त्याहून मोठी होती ती दुसरी. तो फ्लॅट त्याने जुन्या भावाने धरला होता. आता त्याच रस्त्याला मेडिकल कॉलेजची चर्चा, मोठी दुकानं, आणि भाव कुठल्या कुठे. हा हातचा गेला तर त्याच्या पगारात दुसरा बसणार नव्हता. म्हणजे पुन्हा तीन चुली, निवृत्त होईपर्यंत. निवृत्त होईपर्यंत पोरगी लग्न करून चौथीच चूल मांडणार. एका ताटाशी बसायचं ते राहूनच जाणार, हे त्याला त्या अंधारात स्पष्ट दिसलं आणि त्याला रडू आलं. वनरक्षक असला तरी माणूसच तो.

सकाळी रजेचा अर्ज साहेबाच्या टेबलावर ठेवून तो थेट भैय्यालालच्या ऑफिसात गेला. ऑफिस म्हणजे बांधकामाशेजारची पत्र्याची खोली. रागाचा पारा चढलेला.

"नोटीस कायले धाडली? मी का पळून जाऊन राहिलो?"

भैय्यालालने त्याला आधी खुर्ची दिली, मग चहा मागवला, मग बोलला. "देखो उईकेजी, सीधी बात. आप छोड़ दो तो मेरा फायदा ही है. कल दुसरा गिऱ्हाइक ज्यादा में ले जाएगा. पर मुझे फायदा नहीं, पैसा चाहिए. तिसरे स्लॅब की सेंट्रिंग लगी है. वो आदमी मुझे प्रोसेस नहीं पूछता, रोजी पूछता है."

"मंग बँकेचा पैसा गेला कुठं?"

"वही तो! बैंक बोलता है भेजा, हमको मिला नहीं."

"बँक भेजा म्हनत नाही. प्रोसेसमध्ये म्हनते."

"एक ही बात है."

एकच गोष्ट नव्हती, पण ते दोघांनाही तेव्हा कळत नव्हतं. दोघांचंही डोकं एका जुन्या प्रकरणात अडकलं होतं. मागे एका फ्लॅटवाल्याचे पैसे बँकेने चुकीच्या खाते क्रमांकावर पाठवले होते आणि ते परत येऊन बँकेच्याच कुठल्याशा मधल्या खात्यात महिनाभर पडून राहिले होते. गिऱ्हाइकाला व्याज लागत होतं, बिल्डर बोंबलत होता, आणि पैसे मात्र बँकेतच झोपा काढत होते. तसंच झालं असणार, अशी भैय्यालालची खात्री. त्याने आपल्या प्रकल्पाच्या खात्याचं पासबुक, रद्द केलेला चेक आणि मागणीपत्राची प्रत पिशवीत घातली आणि म्हणाला, "चलो. साथ में चलते हैं. आमने-सामने हो जाए."

असे घर घेणारा आणि बिल्डर एकाच मोटारसायकलवर बसून बँकेत गेले. नोटीस देणारा मागे, नोटीस मिळालेला पुढे. गोंदियाच्या बाजारात कुणी ओळखीचं भेटलं नाही हे बरंच झालं.

दामिनीने दोघांना समोर बसवलं. भैय्यालालने बसल्या बसल्या खाते क्रमांकाचा मुद्दा काढला. तिने शांतपणे चेक घेतला, स्क्रीनवरच्या क्रमांकाशी एकेक आकडा लावून बघितला.

"खातं बरोबर आहे, भैय्याजी. प्रकल्पाचंच आहे, रेराला दिलेलं. मागचे दोन्ही टप्पे यातच गेलेत."

"तो फिर ये वाला लौट के आया होगा."

"थांबा. आधी गेला होता का ते बघू." तिने झामसिंगच्या कर्जखात्याचा उतारा काढून त्याच्यापुढे सरकवला. "काका, बँकेने पैसे सोडले असते तर तुमचं कर्ज तेवढ्याने वाढलं असतं. बघा, पहिल्या स्लॅबनंतर वाढलंच नाही. व्याजही तेवढंच कापलं जातंय. आणि पैसे गेले की व्यवहाराचा एक क्रमांक पडतो, यूटीआर. त्यावरून ते भैय्याजींच्या खात्यात शोधता येतात. इथं तो क्रमांकच नाही."

"म्हनजे?"

"म्हणजे पैसे हरवले नाहीत. ते निघालेच नाहीत."

भैय्यालाल आणि झामसिंग एकमेकांकडे बघू लागले. दोघंही इतके दिवस वाटेवर शोधत होते, आणि माल गोदामातून बाहेरच पडला नव्हता.

मग दामिनीने एकेक पायरी तपासली. मागणीपत्र आलेलं. आर्किटेक्टचा दाखला जोडलेला. इंजिनीअरचा अहवाल आलेला, दुसरा स्लॅब पूर्ण असं त्यात लिहिलेलं. घर घेणाऱ्याने स्वतःचा हिस्सा भरल्याची पावती फाइलला. अर्जावर दोघांच्या सह्या. शाखेची शिफारस त्याच आठवड्यात गेलेली. नागपूरच्या मुख्य कार्यालयाच्या रकान्यात मात्र एकच शब्द होता, होल्ड.

"हे काऊन?" झामसिंगने विचारलं.

"कारण आम्हाला इथून दिसत नाही. मी दोनदा मेल केला होता, उत्तर आलं नाही." हे बोलताना दामिनी जराशी ओशाळली. दोन मेल टाकून गप्प बसण्याऐवजी फोन उचलायला हवा होता, हे तिला त्या क्षणी स्वतःलाच वाटलं असावं. तिने लगेच नागपूरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

पलीकडच्या माणसाने फाइल नंबर विचारला, काही वेळ बटणं दाबली आणि वाचल्यासारखं बोलला. बँकेचा नुकताच लागू झालेला नियम असा की पैसे बिल्डरला सोडण्याआधी घराच्या मालकाला फोन करून संमती घ्यायची. परस्पर कुणी बनावट अर्ज करून पैसे उचलू नये म्हणून. तसा फोन दुर्पता उईके यांना दोनदा केला होता. शेरा असा होता: फ्लॅट क्रमांक सांगितला. बिल्डरचं नाव सांगितलं. जन्मतारीख सांगितली. पतीचं नाव सांगितलं नाही. पुन्हा विचारल्यावर फोन ठेवला. दुसऱ्या वेळीही तेच. बोलणारी व्यक्ती खरी मालक असल्याबद्दल शंका. होल्ड.

माशी शिंकली होती ती इथं.

झामसिंगला सगळं लख्ख आठवलं. दुर्पताने त्याला फोनवर सांगितलं होतं की बँकेतून म्हणून एक पोरगा बोलत होता, तुमचं नाव विचारत होता, मी ठेवून दिला. आणि तो काय म्हणाला होता? "बेस केलं! आजकाल जिकडंतिकडं ठग गंज झाले. कोनाले काही सांगजो नको." वर तिला शाबासकी दिली होती. आपण स्वतःच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, आणि नोटीस आल्यावर तावातावाने धावलो भैय्यालालवर.

पण मूळ गोष्ट ठगाची नव्हती, हेही त्याला ठाऊक होतं. ठगाची भीती त्याने घातली. दुर्पता मुळात नाव घेतच नसे. त्यांच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, जेठाचं, म्हणजे थोरल्या दिराचं, घेत नाही. आता नव्या पोरी घेतात, चंचल तर आपल्या वर्गातल्या पोरांना आडनावाने हाका मारते. पण दुर्पता सासूच्या हाताखाली वाढलेली. सासू इतकी कडक की पेरूला गावात सगळे जाम म्हणत, तर तो शब्दही झामसिंगच्या नावाच्या जवळचा म्हणून सुनेने उच्चारायचा नाही. अंगणवाडीत पोरांना फळांची चित्रं दाखवताना दुर्पता पेरू म्हणते आणि पोरं जाम जाम ओरडतात. सासू जाऊन जमाना झाला, पण जाम काही तिच्या जिभेवर आला नाही.

भैय्यालाल आधी मोठ्याने हसला. मग हसता हसता थांबला. "हमारी अम्मा भी नहीं लेती थी," तो म्हणाला. "बाबूजी अस्पताल में भरती थे. नर्स ने पूछा पेशंट का नाम. अम्मा बोली, मिलवाले. चार मिलवाले भरती थे उस दिन." मग तो दामिनीकडे वळला. "मॅडम, लिख के चलेगा?"

दामिनीने तेच नागपूरला विचारलं. मालकीणबाई शाखेत येतील, आधार कार्ड दाखवतील, लिहून देतील. पलीकडून उत्तर आलं की एकदा शंकेचा शेरा पडला की तो दोन रीतींनी निघतो. एक, शाखेने प्रत्यक्ष ओळख पटवून प्रस्ताव पाठवायचा, तो समितीपुढे जाईल आणि समिती महिनाअखेर बसते. दोन, मालकीणबाईंनी शाखेतून, अधिकाऱ्यासमोर, रेकॉर्ड होणाऱ्या फोनवर त्याच प्रश्नांची तोंडी उत्तरं द्यायची. मग पैसे त्याच दिवशी सुटतील.

महिनाअखेरपर्यंत नोटिशीची मुदत उलटून जाणार होती. भैय्यालालने हात जोडून सांगितलं की तो स्वतःहून रद्द करणार नाही, पण या प्रकल्पात त्याचा मेहुणा भागीदार आहे आणि मेहुण्याचा भरवसा तो देत नाही. त्याचं हे बोलणं खोटं नव्हतं. उरली दुसरी रीत.

त्या संध्याकाळी झामसिंगने दरेकशाला फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडे ती कोंबड्या डालत ऐकत होती.

"मी लिवून देईन ना," दुर्पता म्हणाली. "रोजच लिवते."

हेही खरंच. लिहायला तिची हरकत कधीच नव्हती. चंचलच्या दाखल्यावर, रेशन कार्डाच्या अर्जावर, पगाराच्या कागदांवर तिने शेकडो वेळा झामसिंग असं गोल अक्षरात लिहिलं होतं. हाताला बंदी नव्हती, तोंडाला होती.

"लिवून नाही चालत. बोलाचं लागते."

"तुमीच बोला."

"मालकीन तू आहेस."

"तुमीच केलं मले मालकीन," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या गाडीने आली. अंगणवाडी मदतनीस बाईवर सोपवून आली होती. नेसायला चांगली साडी, जत्रेची. स्टेशनवरून बँकेपर्यंत मोटारसायकलवर ती एक शब्द बोलली नाही. झामसिंगला वाटलं, चिडली. पण तिने वाटेत एकदा त्याच्या खांद्यावरचा हात काढून पदर सावरला आणि पुन्हा हात खांद्यावरच ठेवला, तेव्हा त्याला जरा हायसं वाटलं.

दामिनीने त्यांना मॅनेजरच्या काचेच्या खोलीत बसवलं. तिथं आवाज कमी. दुर्पताची कागदपत्रं बघितली, तिचा चेहरा आणि आधार कार्डावरचा चेहरा ताडून पाहिला, आणि समजावलं, "काकू, घाबरायचं नाही. ते विचारतील तेवढंच सांगायचं."

"घाबरत नाही," दुर्पता म्हणाली. मग तिने नवऱ्याकडे न बघता त्याला म्हटलं, "तुमी भाईर जाता का जी?"

झामसिंग उठला. बाहेर येऊन टोकनच्या यंत्रापाशी उभा राहिला. काचेचं दार हळूच बंद झालं. आत दामिनीने फोन लावला, बोलली, आणि रिसीव्हर दुर्पताच्या हातात दिला. दुर्पता ताठ बसली होती. तिचे ओठ हलू लागले. हे जन्मतारखेचं असेल. हे फ्लॅटचं. हे भैय्यालालचं. तो मनात अंदाज करत होता. मग ओठ थांबले. तिने दुसऱ्या हाताने पदराचं टोक घेतलं आणि तोंडावर धरलं. पदराआड काही हललं. मग तिने मान हलवली, रिसीव्हर कानाला घट्ट दाबला, आणि पुन्हा पदराआड काही हललं, या वेळी जरा जास्त.

काचेतून काहीही ऐकू आलं नाही.

झामसिंग तिथं उभा राहून एक विचित्र हिशेब करत होता. आपल्याला आपल्या नावाने कोण हाक मारतं? ऑफिसात उईके. गावात गार्डबाबू. भाऊ बारक्या म्हणतो. पोरगी बाबा, बँक काका. आई झामू म्हणायची, ती गेली. सबंध नाव फक्त हजेरीपटावर, आणि ते वाचणारा कारकून नेहमी जांभई देत वाचतो. बावीस वर्षांत बायकोच्या तोंडून ते नाव कसं लागतं हे आपल्याला ठाऊक नाही, आणि आपल्याला त्याची कधी गरजही वाटली नाही. आज ते नाव तिने घेतलं, आणि ऐकलं कोणी, तर नागपूरच्या एका पोराने, ज्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही. कुणाला सांगण्यासारखी गोष्ट नव्हती ती.

दार उघडलं. दामिनी बाहेर आली. "झालं काका! शेरा काढला त्यांनी. दुपारपर्यंत पैसे जातील."

"बेस झालं." तो घुटमळला. "मॅडम, ते रेकॉर्डिंग कुठं राह्यते?"

"नागपूरला. सर्व्हरवर."

"आपल्याले ऐकाले भेटते का?"

दामिनीला वाटलं, त्याला काही तक्रार आहे. "नाही हो, ते फक्त बँकेसाठी. पण काळजी करू नका, काकूंनी बरोबर सांगितलं. पहिल्यांदा त्यांना नीट ऐकू गेलं नाही, तर काकूंनी दुसऱ्यांदा मोठ्याने सांगितलं."

"कसं म्हटलं?"

"कसं म्हणजे? झामसिंग म्हटलं. झामसिंग उईके."

तिने ते स्पष्ट, खणखणीत म्हटलं, टोकन पुकारतात तसं. झामसिंगने मान डोलावली आणि बाकावर जाऊन बसला. हे ते नव्हतं.

दुपारी दुर्पताच्या मोबाइलवर संदेश आला. कर्जाचा टप्पा वितरित, खाली तो यूटीआर का काय तो लांबलचक क्रमांक. झामसिंगने तो भैय्यालालला पाठवला. पाठोपाठ भैय्यालालचा फोन आला, मागे मिक्सरचा खडखडाट. "आ गया, उईकेजी! नंबर मिल गया, खाते में दिख रहा है. नोटीस वापस समझो, चिठ्ठी कल बनाता हूँ. और भाभीजी को हमारा नमस्ते बोलना!" उशिराचं व्याज माफ करायला मात्र तो विसरला, आणि झामसिंगलाही त्या घटकेला ते विचारायचं सुचलं नाही. ते भांडण पुढे दामिनीच्या टेबलावर दोन फेऱ्यांत मिटलं. निम्मं त्याने सोडलं, निम्मं याने भरलं.

चंचलला वसतिगृहातून बोलावून तिघांनी स्टेशनबाहेर समोसे खाल्ले. पोरीला सगळं कळल्यावर ती हसून हसून लोटपोट झाली. "आई, अगं नुसतं नाव! झामसिंग! झामसिंग! घे, मी दोनदा घेतलं." दुर्पताने तिच्या पाठीत एक धपाटा घातला, पण हलकाच. पोरीला लेक्चर होतं, ती गेली. मग दोघं फलाटावर आले. संध्याकाळची गाडी लागलेली होती, चढणारी माणसं थोडीच.

दुर्पताला खिडकीची जागा मिळाली. झामसिंग खाली उभा राहिला, गजाला धरून. गार्डाची शिट्टी झाली तसा तो खिडकीशी वाकला.

"एक डाव मलेई म्हनून दाखव ना."

"काय?"

"तेच. नागपूरवाल्याले सांगतलं ते."

दुर्पता त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग हसू आलं. ते तिने पदराने झाकलं नाही.

"कायले?" ती म्हणाली. "तुमी का बँक आहा?"

गाडी हलली. ती तशीच हसत होती, आणि मग डबा पुढे गेला. झामसिंगलाही हसू आलं, येणारच. तो फलाटावरून सावकाश बाहेर आला, मोटारसायकलला किक मारली आणि नागझिऱ्याच्या रस्त्याला लागला. घर वाचलं होतं, आणि त्याचा आनंद खरोखर मोठा होता. तरी त्या नागपूरच्या पोराला, ज्याने केवळ नियम म्हणून मागितलं आणि ज्याला दोनदा मिळालं, त्याने मनातल्या मनात एक सणसणीत शिवी हासडली.